आकड्याचे दिवस भरत नाहीत

दुपारी दोन ते चार या वेळात मावशी टपरीवर असायची आणि नसायचीही. म्हणजे स्टुलावर बसलेली दिसायची, डोळेही उघडे असायचे, पण गिऱ्हाईकानं काचेवर टकटक केल्याशिवाय तिला पत्ता लागत नसे. समोर सोडतीच्या तिकिटांच्या लांबच लांब माळा टांगलेल्या, त्यांतून झिरपणारं ऊन गुलाबी-हिरवं होऊन तिच्या मांडीवर पडायचं, आणि ती त्या उन्हाकडे बघत बसायची. लोक म्हणत, नवरा गेल्यापासून मावशीची तंद्री वाढलीय. खरं सांगायचं तर तंद्री तिला आधीपासूनच होती. फरक इतकाच की पूर्वी तिला हाक मारून भानावर आणणारा माणूस शेजारच्या स्टुलावर असायचा.

टपरी त्याची. तीस-एक वर्षं त्यानं तिथं तिकिटं विकली आणि स्वतः रोज एकच घेतलं, शेवटी अठ्ठावन्न असलेलं. लग्नानंतर दोघं ज्या खोलीत राहिले तिच्या दारावर तो आकडा होता, बाकी काही कारण नाही. रोज संध्याकाळी सहाला टपरीतल्या छोट्या टीव्हीवर सोडत लागायची. काचेचा मोठा गोल ड्रम, त्यात शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर गोळे, खालून हवा सोडली की ते साबणाच्या फुग्यांसारखे तरंगत. एक गोळा वर यायचा. दुसऱ्या दिवशी तोही परत आत, पुन्हा शंभर. अठ्ठावन्न आला की हा माणूस दुकान बंद करून बायकोला फिरायला न्यायचा, नाही आला तर म्हणायचा, "उद्या." आजारपणात, अगदी शेवटी शेवटी, तो तिला म्हणाला होता, "माझा आकडा आला की समज मी सांगतोय, आता टपरी बंद कर आणि पोरीकडे जा."

आता मरणाऱ्या माणसाला काय, तो बोलून गेला. मावशीनं मात्र ते पदराला गाठ मारून ठेवलं.

लेक राहायची दुसऱ्या शहरात, बसनं दिवसभराचा प्रवास. नवरा जाऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा एका सकाळी तिचा फोन आला. दिवस गेलेत, तिसरा महिना चाललाय, डॉक्टर म्हणतात जपायला हवं. जावई फिरतीवर. "आई, तू ये ना राहायला. बाळ होईपर्यंत तरी ये. मला भीती वाटते गं."

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तरीही तिच्या तोंडून निघालं, "येते की. बाबांचा आकडा आला की लगेच निघते."

लेक हळूच म्हणाली, "कधी येतो तो?"

हे कोणाला विचारायचं याची पंचाईत नव्हती. टपरीच्या बाकावर रोज एक निवृत्त मास्तर पेपर वाचायला बसत. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेलं, नवऱ्याचे जुने दोस्त, आणि तीस वर्षांत एक तिकीट विकत घेतलं असेल तर शपथ. नवरा त्यांना म्हणायचा, "मास्तर, तुम्ही म्हणजे हलवायाच्या दुकानात बसलेला मधुमेही."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. "सोपं आहे वहिनी. सरासरी किती दिवस वाट बघावी लागेल ते काढू. समजा ती वाट अमुक दिवसांची. आजचा एक दिवस तर जाणारच. त्यातही शंभरात एकदा काम आजच होईल, आणि नव्व्याण्णव वेळा आपण पुन्हा जिथल्या तिथे, सगळी वाट पुन्हा समोर. म्हणजे पूर्ण वाट किती, तर एक दिवस, अधिक त्याच वाटेचे शंभरातले नव्व्याण्णव भाग. मग उरलेला शंभरावा भाग किती झाला?"

"एक दिवस," मावशी म्हणाली. तिकिटं विकणाऱ्या बाईला हिशोब काय सांगायचा.

"तर सगळी वाट?"

"शंभर दिवस."

"सरासरी," मास्तर म्हणाले, बोट वर करून. "निम्म्या वेळा सत्तर दिवसांच्या आतच येतो. पण शंभरातल्या सदतीस जणांना शंभर दिवस संपले तरी वाटच बघावी लागते. सरासरी म्हणजे तारीख नव्हे."

बोट कोण बघतंय. मावशीनं 'शंभर' ऐकलं, कॅलेंडरवर बोटं फिरवली आणि एका तारखेभोवती गोल काढला. बाळंतपणाला सहा-सात महिने होते. शंभर दिवस म्हणजे त्याच्या निम्मेच. तिनं लेकीला तारीख कळवली, आणि लेकीनं सासूला सांगून टाकलं की तुम्ही तसदी घेऊ नका, माझी आई येतेय.

मग ते दिवस सुरू झाले. मावशीला आयुष्यात इतके गोड दिवस क्वचितच आले असतील, हे सांगायला हवं. कारण रोज संध्याकाळी कोणीतरी यायचं होतं. सहा वाजायला आले की ती केस सारखे करायची. ड्रममधले गोळे उसळायला लागले की तिला वाटायचं, तो आत कुठेतरी आहे, गर्दीतून वाट काढतोय, आत्ता येईल. दुसराच आकडा यायचा. तीही म्हणायची, "उद्या." आणि घरी जाताना रस्त्यावरचे दिवे तिला धुक्यात लावल्यासारखे मऊ दिसत, पावलं हलकी पडत. विधवा बाई प्रियकराची वाट बघितल्यासारखी नवऱ्याची वाट बघत होती, आता बोला.

गोल काढलेली तारीख आली. आकडा आला नाही. मावशी जरा खट्टू झाली, पण टपरीवर धीर देणाऱ्यांची वाण नव्हती. शेजारचा शिंपी गळ्यात टेप अडकवून आला आणि जाणत्यासारखा म्हणाला, "मावशी, आकडा पिकलाय. इतके दिवस झाडावर राहिलाय म्हटल्यावर आता गळणारच." हा त्या धंद्यातला जुना शब्द. बरेच दिवस न आलेल्या आकड्याला सगळेच पिकलेला म्हणत, त्यावर तिकिटं घेत, मावशीही पाटीवर खडूनं असे आकडे लिहून ठेवायची, कारण ते खपायचे. दुसऱ्यांसाठी लिहिलेली पाटी आता ती स्वतःच वाचू लागली. लेकीचा फोन आला की ठसक्यात सांगायची, "पिकलाय गं. आज-उद्या येतोच."

"बरं," लेक म्हणायची. सातव्या महिन्यात म्हणाली, आठव्यात म्हणाली. नवव्यात तिनं 'बरं' म्हणणं सोडलं. नुसता श्वास ऐकू यायचा, जड, जिना चढून आल्यासारखा.

त्या श्वासानं मावशीची झोप उडाली. सकाळी मास्तर बाकावर टेकतात न टेकतात तोच ती म्हणाली, "मास्तर, एकशे नव्वद दिवस झाले. आता किती राहिले?"

मास्तरांनी चष्मा काढला. "शंभर."

"अहो, तेव्हा पण शंभर म्हणालात."

"तेव्हाही शंभर, आताही शंभर. उद्या विचाराल तर उद्याही शंभर. सरासरी."

मावशीचा संताप झाला. "मग मी एवढी बसले ते काय फुकट? थोडं तरी कमी झालं असेल ना? पन्नास म्हणा. शिंपी म्हणतो पिकलाय."

"शिंप्यानं कपडे शिवावेत. वहिनी, फळ रोज थोडं थोडं पिकतं, गोळा पिकत नाही. सकाळी शंभरच्या शंभर गोळे पुन्हा आत जातात. त्या ड्रमला काल काय झालं ते ठाऊक नसतं. आठवणच नसते त्याला. इतके दिवस न येणं यातही काही विशेष नाही, शंभरातल्या पंधरा जणांच्या वाट्याला ते येतंच. कोणी रुसलेलं नाही, कोणी अडवलेलं नाही."

"कोणाचीच आठवण नसते?"

"कोणाचीच."

दुपारचं गुलाबी-हिरवं ऊन अजून तिच्या मांडीवर आलं नव्हतं. तिला ते गोळे दिसत होते, पण पहिल्यांदाच त्यांच्यामध्ये कोणी वाट काढत नव्हतं. नुसती हवा होती. नवरा गेला त्या दिवशी माणसं होती, गडबड होती, तिला नीट रडताही आलं नव्हतं. ती आज रडली, टपरीत, भर सकाळी. मास्तर पेपर उघडून त्यामागे बसून राहिले. मोठा शहाणा माणूस, पण अशा वेळी त्यांना दुसरं काही सुचत नसे.

डोळे पुसून तिनं विचारलं, "पोरीला पंधरा दिवस राहिलेत. तेवढ्यात येईल का?"

"शंभरात तेरा-चौदा वेळा येईल," मास्तर पेपरामागून म्हणाले. "उरलेल्या वेळा नाही."

"आणि बाळ?"

मास्तरांनी पेपर खाली घेतला. "त्याचे दिवस भरतात, वहिनी. रोज एक कमी होतो. आकड्याचे दिवस भरत नाहीत."

तिनं टपरीच्या फळ्या लावल्या. सहा वाजायची वाट पाहिली असती तर बस चुकली असती, आणि तिला ठाऊक होतं, आज थांबली तर उद्याही थांबेल. उद्याही तेवढंच अंतर असणार. शिंप्यानं विचारलं, "आला काय आकडा?" ती म्हणाली, "नाही. मीच चालले."

बसमध्ये खिडकीशी डोकं टेकून ती दिवसभर अर्धवट झोपेत होती. शेतं, पूल, अनोळखी गावांच्या भिंती सरकत होत्या, आणि ती मनात एक खोटं घोळवत होती. आला म्हणून सांगायचं. काल संध्याकाळी आला, बाबांनी पाठवलं. पोर खूश होईल. कोणाचं काय बिघडतं?

लेकीनं दार उघडलं तेव्हा ती चौकटीला धरून उभी होती. पाय सुजलेले, चेहरा ओढलेला. आईला बघून ती पुटपुटली, "पण काल तर त्र्याऐंशी आला होता."

मावशीला आधी कळेना. मग आतल्या खोलीत चालू असलेला टीव्ही दिसला, त्याच्यासमोर ओढून ठेवलेली खुर्ची दिसली, उशी दिसली.

"तू सोडत बघतेस?"

"रोज," लेक म्हणाली. "तू म्हणालीस तेव्हापासून. पोटावर हात ठेवून बसायचे. दुसरा आकडा आला की बाळाला सांगायचे, आज पण आजी नाही." आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला.

खोटं मावशीच्या ओठांवरच राहिलं. तिनं पिशवी खाली टाकली आणि लेकीला धरलं, पोट मध्ये येत होतं तसंच, कसंबसं धरलं.

"चुकलं गं माझं," ती म्हणाली. "आकडा नाही आला. येईल तेव्हा येईल. मी आलेय."