न पुसलेल्या भिंती

नौपाड्यातल्या आर्किटेक्टच्या ऑफिसात मी नवीन होते. वर्तकनगरच्या एका फ्लॅटच्या नूतनीकरणाचं काम होतं. सर म्हणाले, "अगं, तोडायच्या भिंती डिलीट करून टाक." मी मान हलवली, पण केल्या नाहीत. रेव्हिट या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जुन्या फेजमध्येच, म्हणजे कामाआधीच्या टप्प्यात, ठेवून नव्या फेजमध्ये पाडल्याची नोंद केली.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवानगी अडवली. "नेमकं काय तोडताय ते आधी दाखवा!"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी एकाच मॉडेलमधून काढलेले तीन नकाशे पुढे सरकवले. एकात होत्या तशा भिंती, दुसऱ्यात पाडायच्या तुटक रेषांत, तिसऱ्यात नव्या ठळक.

"कॉलमला हात नाही ना?"

"नाही काका."

त्यांनी सही केली.

जिन्यात सर म्हणाले, "बरं झालं, माझं ऐकलं नाहीस."

घरी हे मी कुणी न विचारता सांगितलं, दोनदा.