चौथ्या पॅनलचा लाल दोरा

चोपड्यापुढच्या दवाखान्याच्या गच्चीवर देवचंद मिस्त्री वैशाखाच्या उन्हात दहा सोलर पॅनल जोडत होता. त्याने पाच-पाच सिरीजमध्ये ओवून दोन्ही माळा पॅरलल केल्या. करंट दुप्पट झाला तरी इन्व्हर्टरला झेपणार होता. व्होल्ट एक्याण्णव भरले, इन्व्हर्टरची मर्यादा शंभरची होती.

स्विचकडे वळताना त्याला दोन्ही माळांत चौथ्या पॅनलच्या तारेला बांधलेला लाल दोरा दिसला. त्याचे उस्ताद लीलाधरनाना थुंकीने ओला करून असाच दोरा बांधायचे. "इथंच थांब. थंडीत व्होल्ट चढतात, पाच पॅनल पौषात शंभर ओलांडतील," म्हणायचे.

नानांना जाऊन वर्ष झालं होतं. पॅनलची खोकी आजच देवचंदने स्वतः फोडली होती.

त्याने दोन्ही पाचवी पॅनलं सोडवली, मग गाठीला बोट लावलं. ती अजून ओली होती.