दगडाबाई मधोमध

वडूजच्या विश्वजितनं केलेल्या वाढदिवसाच्या कोलाजमध्ये सगळं खानदान मावलं; हरवली ती फक्त वाढदिवस असलेली दगडाबाई.

चूक हाताच्या सवयीची. स्टुडिओत वर्षभर पुढाऱ्यांचे फ्लेक्स करायचे, म्हणजे रुबाबदार माणूस मधे, बाकीचे कडेला. त्यानं लष्करातला नातू शिवतेज वर्दीसकट मधोमध बसवला आणि उरलेले तेवीस फोटो भोवती खेटून रचले, जत्रेच्या जीपमधल्या माणसांसारखे.

प्रिंट बघायला नात अपेक्षा आजीलाच घेऊन आली. अपेक्षा शहरात, विश्रामबागेत नर्सिंग शिकत होती, खास या दिवसासाठी गावी आलेली. आजीची जन्मतारीख आधारकार्डवाल्यानं अंदाजानं टाकलेली, एक जानेवारी. पण पंच्याहत्तर वर्षांत साजरा होणारा आजीचा तो पहिलाच वाढदिवस होता.

दगडाबाईनं कागदावरून बोट फिरवलं. "ही आमची काळी शेळी घावली. मी न्हाई घावले. शिवतेजचं लगीन हाय व्हय रं?"

"दादा, सांजच्याला पावणं येत्यात," अपेक्षा म्हणाली. "आज्जीच दिसंना तर टांगायचं कशाला?"

विश्वजितचे कान तापले. त्यानं कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं. चोवीसातला एक फोटो मोठा केला. खांद्यावर कोकरू आणि आजी पोटभर हसतेय. पण व्हॉट्सॲपवरून आलेला, मोठा केला की फुटायचा. त्यानं अपेक्षाच्या मोबाईलमधून मूळ फोटो केबलनं घेतला आणि पानाचा मधला निम्मा भाग आजीला दिला.

"वर तीन, खाली तीन. बास," तो म्हणाला.

"आणि मामी? रुसंल की."

"कोलाज हाय, रेशनकार्ड न्हाई!"

शिवतेज वर्दीत डावीकडं बघत होता. त्याला उजव्या बाजूला ठेवला, म्हणजे नजर आजीकडं वळली. सगळ्या फोटोंमधे पाव इंच पांढरी फट, कुठं कमी नाही, जास्त नाही.

"एवढी जागा वाया?" अपेक्षानं विचारलं.

"गर्दीत कोण दिसतंय, सांग बरं."

संध्याकाळी आजीच्या घरी फ्रेम भिंतीवर चढली. दगडाबाई चष्म्याशिवाय उंबऱ्यातच थांबली आणि तिनं बोट रोखलं. "ती मी!"

मग येईल त्याला हात धरून ती भिंतीपाशी नेऊ लागली. केकवरच्या मेणबत्त्या वितळायला लागल्या तरी तिला सवड नव्हती. "शिवतेज बगा, सायेब झालाय, पर बगतोय माझ्याकडंच." कोपऱ्यात उभ्या विश्वजितला वाटलं, एवढे पुढारी छापले, पण ऊर भरून आनंद आजच झाला.

निघताना शेजारच्या मनुबाईनं त्याला दारात गाठलं. "माझा एक बी फोटू न्हाई गड्या. हिच्यासारका हासरा काड की."

"रविवारी येतो, मावशी," तो म्हणाला.

त्यानंतर तीन रविवार गेलेत; मनुबाई अजून वाट बघतेय.