एकशे ऐंशी नंबरची नवरी

माझं चष्म्याचं दुकान पनवेलच्या बाजारात आहे. मागे तपासणीची खोली, पुढे काउंटर. डोळे मीच तपासते, चष्मे मीच देते. त्या दिवशी दुपारी एक उंच तरुण आत आला आणि मागोमाग दोन पिशव्या सावरत त्याची आत्या. चिरनेरकडची माणसं. त्याचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि आत्या त्याच्या संसाराची खरेदी करत फिरत होती.

तो काउंटरवर वाकला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, सरप्राइज आहे. होणाऱ्या बायकोच्या चष्म्याची काडी तुटलीय. चिकटपट्टी लावून घालते. लग्नात म्हणे चष्म्याशिवायच उभी राहणार. मला तिला नवा चष्मा द्यायचाय."

"नंबर आहे?"

त्याने मोठ्या अभिमानाने मोबाइल पुढे केला. तिच्या घरी चहाला गेला असताना कपाटावर ठेवलेल्या चिठ्ठीचा त्याने चोरून फोटो काढला होता. फोटो थोडा हलला होता. मी तो मोठा करून बघू लागले, तेवढ्यात आत्याने काउंटरच्या आत येऊन माझ्या खांद्यावरून डोकावलं. बाईंची नजर तेज होती. त्यांनी नेमका पहिल्या ओळीतला शेवटचा आकडा वाचला आणि पिशव्या खाली ठेवल्या.

"एकशे ऐंशी?"

"आत्या, थांब ना."

"अगो बाई! एकशे ऐंशी नंबर! पोरगी आंधली हाय का रं? आमाला कोन बोललं नाय!"

बिचाऱ्याचा चेहरा उतरला. त्याने फोटो काढला होता, पण वाचला नव्हता. आता त्यानेही बघितलं, आणि त्याला त्याहून मोठा आकडा सापडला. फोटोत दशांशाचं टिंब पुसट झालं होतं. "मॅडम, इथे तर दोनशे लिहिलंय," तो घाबरून म्हणाला.

मला इतकं हसू आलं की मी खुर्चीतच बसले. मग दोघांनाही समोर बसवलं.

"हे दोनशे नाही, दोन आहे. मध्ये टिंब आहे. हा पहिला आकडा स्फिअर, म्हणजे मुख्य नंबर. आधी वजा आहे ना? म्हणजे तिला जवळचं नीट दिसतं, लांबचं धूसर. काच मध्ये पातळ, कडेला जाड होणार. दोन नंबर म्हणजे काही मोठा नाही, माझा स्वतःचा चार आहे."

आत्यांनी माझ्या चष्म्याकडे निरखून बघितलं आणि जरा मोकळा श्वास घेतला.

"दुसरा आकडा सिलिंडर. वजा पाऊण."

"गॅसचा?"

"नाही हो. डोळ्याचा पुढचा पडदा सगळीकडून सारखा गोल नसला, एका दिशेला जरा जास्त वळलेला असला, की त्या एकाच दिशेला थोडा जास्त नंबर लागतो. तेवढा हा पाऊण."

त्यांना हे पटलं नाही, दिसत होतं. मी इकडेतिकडे बघितलं, तर त्यांच्या पिशवीतून नवंकोरं लाटणं डोकावत होतं. मी ते मागून घेतलं आणि काउंटरवर आडवं ठेवलं.

"लांबीवरून हात फिरवा. सरळ आहे ना? आता उभा फिरवा, वरून खाली. गोल लागतं. सिलिंडरची काच अशीच असते, फक्त हिच्या काचेत ती गोलाई आत खोलगट. लांबीच्या दिशेला नंबर नाही, तिच्या काटकोनात आहे. आणि लाटणं कसं ठेवायचं, हे तिसरा आकडा सांगतो. तो ॲक्सिस. आडवं ठेवलं की एकशे ऐंशी, उभं ठेवलं की नव्वद. तो नंबर नाहीच, नुसता कोन आहे. म्हणजे हिला आडव्या दिशेला दोन, आणि उभ्या दिशेला दोन आणि पाऊण, पावणेतीन. डाव्या डोळ्याचंही जवळपास असंच, फक्त लाटणं किंचित तिरकं, एकशे सत्तरवर."

आत्यांनी लाटणं हातात घेतलं, आडवं केलं, तिरकं केलं, आणि एकदम खुदकन हसल्या. "म्हंजे पोरगी बरी हाय! नुसतं लाटनं आडवं!"

मग मीच सरप्राइजवर पाणी ओतलं. नुसत्या फोटोवरून मी चष्मा बनवणार नव्हते. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर चिठ्ठीत नव्हतं, ते मोजल्याशिवाय काचेचा मध्य डोळ्यासमोर येत नाही. शिवाय चिठ्ठी जुनी होती. शेवटी नवरदेवाने नवरीला फोन करून बोलावलं. ती कामोठ्याला राहायची, रिक्षाने निघाली. आल्या आल्या चिकटपट्टीचा चष्मा सावरत तिने विचारलं, "माझी चिठ्ठी चोरलीस?" आणि उत्तर यायच्या आत हसायला लागली.

मी तिचे डोळे तपासले. नंबर तोच होता. अंतर मोजलं. आत्यांनी फ्रेम निवडायला घेतल्या आणि 'आंधली'पासून सगळं सांगत तिला लाटण्याचा धडा दिला.

"पण हे असं वाकडं कळतं कसं?" नवरदेवाने विचारलं.

मी भिंतीवरचा तक्ता दाखवला. घड्याळाच्या तबकडीसारख्या चहूबाजूंना गेलेल्या रेघा असतात त्यावर. "सिलिंडरचा नंबर असला की यातल्या काही रेघा गडद दिसतात, काही फिकट."

"हो, ते दिसतंच आहे," तो सहज म्हणाला. "उभ्या रेघा जाड छापल्यात, आडव्या पुसट."

आत्यांनी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"सगळ्या सारख्याच छापल्यात," मी म्हणाले.

तो तक्त्याजवळ गेला, मागे आला, डोळे चोळले. "मग रात्री गाड्यांचे दिवे वर-खाली फाकतात ते? सगळ्यांना नाही दिसत तसे?"

"नाही!" आम्ही तिघी एकदम म्हणालो.

त्याला मी ओढतच खुर्चीत बसवलं. स्फिअर शून्य. सिलिंडर वजा सव्वा. ॲक्सिस, दोन्ही डोळ्यांचा, एकशे ऐंशी. आकडे मी मोठ्याने वाचले आणि नवरी काउंटरला धरून खाली बसली, हसून हसून. "मला आंधळी म्हणत होतात! माझा पाऊण, याचा सव्वा!"

"यानं लाटनं लपवलं होतं!" आत्या म्हणाल्या, आणि मग त्यांनाही आवरेना.

मी त्याला तपासणीची फ्रेम चढवली, आत काचा घातल्या आणि दारात नेलं. तो समोरच्या रस्त्याकडे बघतच राहिला. दुकानांच्या पाट्या वाचत सुटला, मिठाईवाल्याची, शिंप्याची, वर कुठेतरी क्लासच्या जाहिरातीची, बारीक अक्षरंसुद्धा. मग पायरी उतरायला गेला आणि पाय असा उंच उचलला जणू चिखलात चाललाय.

"मॅडम, जमीन तिरकी झाली!"

"सिलिंडर पहिल्यांदा घातला की तसं वाटतं. काही दिवसांत डोळ्यांना सवय होते."

नवरीने त्याचा दंड पकडला. तो बगळ्यासारखा पावलं टाकत मिठाईच्या दुकानापर्यंत गेला आणि परत आला. जाणारे-येणारे थांबून बघत होते. मग तो वळला आणि तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "तुझ्या हनुवटीवर तीळ आहे," तो म्हणाला. ती लाजून लाल झाली.

दोन्ही चष्मे वेळेत तयार झाले. हळदीला मला त्यांनी आग्रहाने बोलावलं आणि मी गेले. मांडवात बेंजो वाजत होता, बायका फेर धरून नाचत होत्या. आत्यांनी मला हाताला धरून मध्ये ओढलं आणि ओंजळभर हळद माझ्या तोंडावर फासली, चष्म्यासकट. पुसायला हात मोकळा कुठला? दोन्ही हात दोन बायकांनी धरलेले. सगळा मांडव पिवळा दिसत होता, आणि मी तशीच नाचत राहिले.