गाण्याची चिरफाड आणि आलेला दावा

अमरावतीच्या घरून मी नव्या गाण्यांवर वऱ्हाडीत टीका करणारे व्हिडिओ इंटरनेटवर टाकतो. एका गाण्याची ओळ न् ओळ थांबवून चिरफाड केली, खाली ‘गाण्याचे हक्क कंपनीचे’ असंही लिहिलं, तरी कॉपीराइटचा दावा आलाच. मी भडकलो.

अकोल्याचा मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याला फोन केला.

“काहून तापून राहिला? हक्क कंपनीचे लिहून काई होत नाई. दावा टाकणारी मशीन फक्त गाणं ओळखते, तुयी टीका तिले समजत नाई. टीकेसाठी गरजेपुरता तुकडा कायद्यात बसू शकते, पण ते माणसालेच पाहावं लागते. हरकत घे.”

हरकत कंपनीकडे गेली. त्यांनी दावा सोडला.

मित्राचे उपकार आहेतच. पण ज्यांच्या गाण्याला मी नावं ठेवली, त्यांच्यातल्याच कुणीतरी माझा व्हिडिओ पूर्ण ऐकला असावा. आमच्या घरात अजून कुणी ऐकलेला नाही.