मोकळी केलेली बॅच

अकोल्याच्या गोदामात सकाळी सातला आबेदाबींनी हातातला स्कॅनर सुरू केला. गुडघा दुखत होता, म्हणून ऑर्डरींचा माल गोळा करायची जवळच्या रांगांतली बॅच त्यांना हवी होती. आज वेग कमी पडला तर उद्या येऊ नका, असं सुपरवायझरनं बजावलं होतं. ती बॅच सोबत काम करणाऱ्या चारुशीलानं आपल्या स्कॅनरवर आधीच घेतलेली.

“खाला, मी सोडतो, तुमी घ्या,” चारुशीला म्हणाली.

तिनं ती मोकळी केली. पण आबेदाबींचं बोट स्क्रीनवर पडेपर्यंत दुसऱ्याच कुणीतरी उचलली.

“आता तुले काय राह्यलं वं?”

“तुमाले जे, तेच.”

उरलेल्या दोन्ही बॅचेस टोकाच्या रांगांच्या. स्कॅनरनं चालण्याच्या क्रमानं मालाच्या जागा लावल्या. पहिलीच रांग अठ्ठाविसावी. आबेदाबी गाडी ढकलत निघाल्या. चारुशीलाला पुढे जाता आलं असतं, पण ती गेली नाही.