पन्नाशीतल्या मुलीचा आवाज

रुक्मिणी तावडे वीस वर्षं जाहिरातींना आवाज देत होती. आई जाऊन पंधरा दिवस झाले, तरी तिला रडू आलं नव्हतं. अंधेरीच्या स्टुडिओत म्हाताऱ्यांच्या डायपरच्या जाहिरातीची ऑडिशन होती. तिची जुनी मैत्रीण ऋतिका दिग्दर्शक होती.

"वापरणार आई, पण विकत घेणार पन्नाशीतली मुलगी," ऋतिका म्हणाली. "म्हणून तिच्याच वयाच्या बाईचा आवाज हवाय. सूर घरातला ठेव, दुकानातला नको. एकच ओळ आहे."

रुक्मिणी माइकसमोर म्हणाली, "आई, लाजू नकोस. मी आहे ना."

"झकास! आधीच्या पोरी नुसती दया दाखवत होत्या. तूच फायनल."

हेच वाक्य तिने तीन वर्षं रोज आईला म्हटलं होतं. आता तरी रडू येईल म्हणून ती क्षणभर थांबली. आत काहीच हललं नाही. तिने हेडफोन काढले आणि रेकॉर्डिंगची तारीख विचारली.